चढाचा हिशेब आणि नकाशावरचा सदिश

अकरावी-बारावीला विज्ञान घेतलेल्या कुणालाही विचारा की दोन सदिशांचा अदिश गुणाकार म्हणजे काय, तर उत्तरादाखल एखादे सूत्र मिळते. कुणी सांगतो, पहिल्या घटकाला पहिल्या घटकाने गुणा, दुसऱ्याला दुसऱ्याने, आणि बेरीज करा. कुणी सांगतो, दोन्ही सदिशांच्या लांब्यांचा गुणाकार करा आणि त्याला मधल्या कोनाच्या कोसाइनने गुणा. दोन्ही बरोबर. पण पहिल्या कृतीत कोन कुठेच नाही आणि दुसरीत घटक कुठेच नाहीत, तरी दोन्हींचे उत्तर नेमके एकच कसे येते? आणि आलेली ती संख्या मोजते तरी काय? इथे बहुतेकांची गाडी अडते. चांगले गुण मिळवून इंजिनिअर झालेल्यांचीही अडते.

दोष मुलांचा नाही. दोन्ही सूत्रे एकाच तासाला फळ्यावर येतात, एक व्याख्या म्हणून आणि दुसरे गुणधर्म म्हणून, आणि लगेच उदाहरणे सुरू होतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात विलर्ड गिब्ज यांनी १८८१ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांसाठी सदिशांवरची एक पुस्तिका छापून घेतली. आज शिकवली जाते ती मांडणी बरीचशी तिथून आली. तिचे वाचक आधीच पुष्कळ भौतिकशास्त्र शिकलेले होते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तोच क्रम देणे मला चुकीचे वाटते. त्याला आधी चालवावे, मग चढवावे, आणि कोसाइन सगळ्यात शेवटी दाखवावे. त्यासाठी लागतो तो चौकोनांचा नकाशा.

एनसीसीत नकाशावाचन शिकलेल्यांना ही जाळी ओळखीची असते. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशाचे, म्हणजे टोपोशीटचे, नेहमीचे प्रमाण १:५०,००० असते. कागदावरचे २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा १ किलोमीटर. त्यावर किलोमीटर-किलोमीटरची जाळी आखली, की कॅडेटला पहिला नियम शिकवतात तो असा: आधी ईस्टिंग, मग नॉर्दिंग. किती पूर्वेला ते आधी सांगायचे, किती उत्तरेला ते नंतर. शाळेच्या मैदानावर फक्कीने एकेक मीटरचे चौकोन आखले तर हाच नकाशा पायाखाली येतो.

मुलांना चिठ्ठ्या द्याव्यात. एका चिठ्ठीवर लिहिलेले असेल (३, १), म्हणजे ३ पूर्वेला आणि १ उत्तरेला. उभे राहायचे ते रेषा जिथे एकमेकींना छेदतात त्या बिंदूवर, चौकोनाच्या पोटात नाही. मोजायच्या त्या ओलांडलेल्या बाजू. बरीच मुले उभ्या असलेल्या बिंदूलाच ‘एक’ म्हणून सुरुवात करतात आणि एक मीटर आधीच थांबतात. ही चूक इथेच काढून टाकावी लागते, कारण पुढे चढ मोजताना ती पुन्हा डोके वर काढते.

आता तीच (३, १) ची चिठ्ठी दोन मुलींना द्या आणि त्यांना दोन वेगळ्या बिंदूंवर उभे करा. दोघी वेगळ्या जागी पोहोचतील. एखादी मुलगी जर कुठूनही निघून मैदानाच्या कोपऱ्यापासून तिसऱ्या आणि पहिल्या रेषेच्या बिंदूवरच जाऊन उभी राहिली, तर तिने सदिशाला पत्ता समजले आहे. चिठ्ठीवर ठिकाण लिहिलेले नाही, सरकणे लिहिलेले आहे. त्याला सुरुवातीची जागा नसते. नववीच्या विज्ञानात विस्थापन येते तेव्हा हा भेद सांगितला जातो, पण तो पायांना कळलेला नसेल तर पुढचे सगळे डळमळीत राहते.

बेरीज मग शिकवावीच लागत नाही. (३, १) ची चिठ्ठी चाला, तिथून पुढे (१, ३) ची चाला, की निघाल्या ठिकाणापासून आपण (४, ४) ने सरकलेलो असतो. चिठ्ठ्यांचा क्रम बदलला तरी तिथेच. लांबी मात्र अशी जुळत नाही, आणि ती का जुळत नाही यावर थोडा वेळ द्यायला हवा. (३, ४) चालताना पायांखाली ७ मीटर जातात, पण निघालेल्या आणि पोहोचलेल्या बिंदूंमध्ये टेप धरला तर तो ५ मीटर दाखवतो. हुशार मुले इथे एक सुंदर शंका काढतात: पायऱ्या बारीक केल्या तर? अर्धा मीटर पूर्वेला, अर्धा उत्तरेला, असे करत गेलो तर अंतर ५ च्या जवळ येत जाईल ना? येत नाही. पायऱ्या कितीही बारीक करा, पूर्वेचे एकूण ३ आणि उत्तरेचे एकूण ४ च राहतात, बेरीज ७. तिरकी रेषा ही बारीक पायऱ्यांची बनलेली नसते. ती लांबी पायथागोरसच्या नियमाने वेगळी काढावी लागते.

इथवर मैदान सपाट आहे. अदिश गुणाकारासाठी जमीन उतरती हवी, म्हणून आता मैदानावरून कागदावर यायचे.

टोपोशीटवर तपकिरी समोच्च रेषा असतात. एका रेषेवरची सगळी ठिकाणे समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीवर. १:५०,००० च्या नकाशात दोन शेजारच्या रेषांमध्ये सहसा २० मीटर उंचीचा फरक असतो. डोंगराची एखादी बाजू एकसारखी उतरती असेल, तर तेवढ्या भागात या रेषा सरळ, समांतर आणि सारख्या अंतरावर दिसतात. आपण अशी एक बाजू मोठ्या कार्डशीटवर काढू. १ किलोमीटरसाठी १२ सेंटिमीटर धरा. डाव्या खालच्या कोपऱ्यापासून खालच्या कडेवर दर ४ सेंटिमीटरला एक खूण करा आणि डाव्या कडेवर दर ३ सेंटिमीटरला एक, दोन्हीकडे १३-१३ खुणा. मग पहिली खूण पहिलीला जोडा, दुसरी दुसरीला, अशा १३ तिरप्या रेषा काढा. या झाल्या समोच्च रेषा. कोपऱ्यातून जाणारी रेषा शून्याची, आणि पुढची प्रत्येक रेषा आधीच्या रेषेपेक्षा २० मीटर उंच. त्याच कागदावर १२-१२ सेंटिमीटरची किलोमीटरची जाळीही आखून घ्या.

या डोंगरावर सरळ पूर्वेला १ किलोमीटर चालले तर ३ रेषा ओलांडल्या जातात. सरळ उत्तरेला चालले तर ४. डोंगराचा स्वभाव या दोन संख्यांत आला, (३, ४), आणि हीसुद्धा एका बाणाची दोन अंगे आहेत. त्याला आपण चढाचा बाण म्हणू. तो कुठे जा हे सांगत नाही, कोणत्या बाजूला गेल्यास किती चढ लागेल हे सांगतो.

आता कोपऱ्यातून (३, १) चाला. पूर्वेला ३ किलोमीटर, दर किलोमीटरला ३ रेषा, झाल्या ९. तिथून उत्तरेला १ किलोमीटर, आणखी ४. एकूण १३ रेषा, म्हणजे २६० मीटर चढ. पूर्वेला न जाता थेट तिरके चालले असते तर? तरीही १३ च. उंची ही ठिकाणाची असते, वाटेची नसते. आपण कोणत्या वाटेने आलो हे डोंगराला ठाऊक नाही. कागदावर पट्टीने कोपऱ्यापासून (३, १) पर्यंत सरळ रेघ ओढून छेद मोजा. सुरुवातीची शून्याची रेषा धरायची नाही, शेवटी जिच्यावर पोहोचलो ती धरायची. १३ छेद मिळतात.

३ गुणिले ३, अधिक ४ गुणिले १. हाच अदिश गुणाकार. घटकांचे गुणाकार करून बेरीज का करायची, याचे उत्तर मुलाने स्वतःच्या बोटांनी मोजलेले आहे: पूर्वेकडच्या चालीतून मिळालेला चढ आणि उत्तरेकडच्या चालीतून मिळालेला चढ एकत्र करायचा असतो म्हणून. उत्तर एकच संख्या का, हेही इथेच कळते. काही मुले (९, ४) अशी जोडी लिहून थांबतात. ही या विषयातली सगळ्यात नेहमीची चूक. ‘बेरीज करायला विसरलास’ असे सांगून ती सुटत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा होते. ‘मग एकूण किती रेषा चढलास?’ असे विचारले की मूल स्वतःच बेरीज करते आणि पुन्हा विसरत नाही.

आता काही चाली देऊन पाहा. (-२, -१), म्हणजे २ पश्चिमेला आणि १ दक्षिणेला. -६ आणि -४, बेरीज -१०. ऋण उत्तर म्हणजे उतार, १० रेषा खाली. त्यानंतरची चाल या साऱ्या खटाटोपाचा गाभा आहे: (४, -३). डाव्या कडेवरच्या बाराव्या खुणेपासून निघा, ४ पूर्वेला जा, ३ दक्षिणेला या. हिशेब सांगतो १२ उणे १२, शून्य. कागदाकडे पाहिले तर आपण खालच्या कडेवरच्या बाराव्या खुणेवर आलेलो असतो, म्हणजे त्याच समोच्च रेषेच्या दुसऱ्या टोकाला. तिरके चाललो असतो तर सगळी वाट त्या एकाच रेषेवरून गेली असती. चढही नाही, उतारही नाही. आता चढाचा बाण (३, ४) काढा आणि त्याला ही चाल लावून गुण्या ठेवा. मध्ये काटकोन मिळतो. ‘अदिश गुणाकार शून्य असेल तर सदिश परस्परांना लंब’ हे वाक्य पुस्तकात निमूटपणे पाठ करावे लागते. इथे ते डोंगराच्या कुशीतल्या आडव्या पायवाटेचे वर्णन आहे.

राहिला कोसाइन. त्यासाठी ट्रेसिंग पेपरवर तेवढ्याच, १२ सेंटिमीटरच्या, चौकोनांची दुसरी जाळी काढा आणि ती कार्डशीटवर तिरकी ठेवा. तिची एक दिशा समोच्च रेषांना काटकोनात आली पाहिजे, म्हणजे दुसरी आपोआप त्यांना समांतर होते. डोंगर तोच आहे, वाट तीच आहे, फक्त जाळी फिरवली आहे. चढ १३ रेषांचाच राहणार, कारण कागद फिरवल्याने कुणी जास्त चढत नाही. पण या नव्या जाळीत हिशेब फार सोपा होतो. समांतर दिशेने कितीही चाला, चढ शून्य. सगळा चढ येतो तो काटकोनातल्या दिशेने, सर्वांत उभ्या चढाच्या दिशेने. तिकडे रेषा २.४ सेंटिमीटर अंतरावर आहेत, म्हणजे १२ सेंटिमीटरच्या किलोमीटरला ५. चढाच्या बाणाची लांबी किती? ३ आणि ४ चा कर्ण, ५. मैदानावर टेपने मोजलेला ५ हा आकडा इथे उभा चढ होऊन परत आला.

दर किलोमीटरला ५ रेषा आणि एकूण रेषा १३, म्हणजे आपल्या चालीतले फक्त २.६ किलोमीटर उभ्या चढाच्या दिशेने खर्ची पडले. पोहोचलेल्या बिंदूपासून त्या दिशेवर गुण्याने लंब टाका आणि कोपऱ्यापासून लंबाच्या पायथ्यापर्यंत मोजा. ३१.२ सेंटिमीटर भरतात, म्हणजे बरोबर २.६ किलोमीटर. प्रत्यक्ष चाल ३.१६ किलोमीटरची आहे. तिच्यात आणि चढाच्या बाणात कोनमापकाने सुमारे ३५ अंशांचा कोन दिसतो, आणि ३.१६ ला त्या कोनाच्या कोसाइनने, ०.८२ ने, गुणले की पुन्हा २.६ च्या आसपासच येतो. कोसाइनचे काम एवढेच आहे. चालीतला किती भाग चढाच्या दिशेने पडला, ते तो सांगतो. त्या भागाला चढाच्या बाणाच्या लांबीने गुणले की एकूण चढ मिळतो. दोन सूत्रे म्हणजे एकच डोंगर दोन जाळ्यांतून मोजणे.

पडताळ्यासाठी आणखी एक गोष्ट हाताशी येते. नुसत्या लांब्यांचा गुणाकार, ५ गुणिले ३.१६, सुमारे १५.८ होतो. तेवढ्या लांबीची चाल सर्वांत उभ्या दिशेने गेली असती तर एवढ्या रेषा चढल्या असत्या. त्याहून जास्त चढ कोणत्याही दिशेने शक्य नाही. मुलाचे उत्तर या आकड्याच्या पुढे गेले, तर हिशेब तपासायची गरज नाही, तो चुकलेलाच आहे.

हा हिशेब उलट्या बाजूनेही करता येतो, आणि घाटातला रस्ता किंवा रेल्वे आखणाऱ्याला तो तसाच करावा लागतो. त्याला चढाची मर्यादा दिलेली असते आणि दिशा शोधायची असते. १८६३ मध्ये खुला झालेला बोरघाटाचा रेल्वेमार्ग घ्या. कर्जतच्या बाजूने खंडाळ्याकडे चढताना सुमारे २५ किलोमीटर लांबीत साडेपाचशे मीटरांहून थोडी जास्त उंची गाठायची होती, आणि सर्वाधिक चढ ३७ ला १ एवढाच ठेवला होता, म्हणजे दर किलोमीटरला जेमतेम २७ मीटर. आपल्या कार्डशीटवरचा डोंगर उभ्या दिशेने किलोमीटरला ५ रेषा, म्हणजे १०० मीटर चढतो. त्यावर रूळ टाकायचे असतील तर कोसाइन ०.२७ हवा, आणि असा कोन आहे सुमारे ७४ अंशांचा. रूळ उभ्या चढापासून ७४ अंश वळवावे लागतील, समोच्च रेषेपासून केवळ १६ अंश दूर. म्हणून घाटातली रेल्वे डोंगराला बिलगून जवळजवळ आडवी धावते. आडवे जाता जाता डोंगराची बाजू संपली की वळावे लागते. बोरघाटात एके ठिकाणी वळायलाही जागा नव्हती, म्हणून तिथे गाडी उलट्या दिशेने पुढे काढण्याचे स्थानकच बांधले होते. सह्याद्रीचे कडे आपल्या कार्डशीटहून कितीतरी उभे आहेत, त्यामुळे बोगदे आणि पूलही लागले. दिशा निवडण्यामागचा हिशेब मात्र हाच.

हीच रीत भौतिकशास्त्रात जाते तेव्हा चढाच्या बाणाच्या जागी बल येते. पूर्वेला ३ न्यूटन आणि उत्तरेला ४ न्यूटन असे बल लावलेले असताना वस्तू (३, १) मीटर सरकली, तर बलाने केलेले कार्य १३ ज्यूल. समोच्च रेषा मोजलेल्या मुलाला इथे नवे काही शिकायचे उरत नाही.

ही रीत कुठे कमी पडते तेही मुलांना दाखवावे. खऱ्या डोंगरावर समोच्च रेषा वाकतात, कुठे दाट होतात, कुठे विरळ. चढाचा बाण जागोजागी बदलतो. तीन किलोमीटरांच्या वाटेला एकच बाण लावला तर उत्तर चुकते, आणि ते ओळखायची खूण सोपी आहे: हिशेबाने आलेल्या रेषा आणि नकाशावर मोजलेल्या रेषा जुळत नाहीत. तेव्हा वाटेचे छोटे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला तिथला बाण लावायचा आणि बेरीज करायची. पुढच्या वर्गांत यालाच कलनशास्त्र म्हणतात.

दुसरी अडचण जाळीची. पुष्कळ टोपोशीटवर किलोमीटरची जाळी नसते, अक्षांश-रेखांशांच्या रेषा असतात, आणि त्यांचे चौकोन दिसायला चौरस असले तरी चौरस नसतात. १५ मिनिटे अक्षांश आणि १५ मिनिटे रेखांश व्यापणारा पुण्याच्या आसपासचा शीट मोजला तर उंची ५५ सेंटिमीटरच्या थोडी पुढे आणि रुंदी ५३ च्या आत भरते, कारण विषुववृत्तापासून दूर जाताना रेखांश जवळ येत जातात. अशा जाळीवर मिनिटे मोजून पायथागोरस लावला तर लांबी चुकते आणि काटकोनही काटकोन राहत नाही. गंमत अशी की रेषांची मोजणी तरीही बरोबर येते. पूर्वेला दर मिनिटाला किती रेषा, उत्तरेला दर मिनिटाला किती, हे त्याच जाळीवर मोजले असेल तर गुणाकारांची बेरीज चढ अचूक सांगते. घटकांच्या सूत्राला चौरस लागत नाहीत, कोनाच्या सूत्राला लागतात. वर्गात हा फरक फारसा कुणी बोलत नाही, पण जिज्ञासू विद्यार्थ्यासाठी तो पुढच्या गणिताचे दार आहे.

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ओपन सीरीजचे टोपोशीट मिळतात. आपल्या तालुक्याचा घ्या. घरच्या प्रिंटरवर छापताना तो लहान-मोठा होतो, म्हणून आधी प्रमाणपट्टीवर १ किलोमीटर किती सेंटिमीटर भरतो ते पाहा आणि त्याच मापाची जाळी पेन्सिलीने आखा. जवळच्या टेकडीची एक सरळसोट बाजू निवडा, पूर्वेकडच्या आणि उत्तरेकडच्या रेषा मोजून चढाचा बाण ठरवा, आणि नेहमीच्या पायवाटेचा चढ हिशेबाने काढा. मग नकाशावर त्या वाटेने ओलांडलेल्या रेषा मोजा. शिक्षकांना एवढीच विनंती आहे की ही मोजणी मुलांनी एकदा केल्याशिवाय फळ्यावर कोसाइन लिहू नये.